विश्लेषण : प्रबंधातील प्रकरण आधीच छापून आलेल्या लेखासारखे, परीक्षकाच्या शंकेला उत्तर कसे द्यावे?

पीएच.डी.चा प्रबंध सादर होतो, बहिस्थ परीक्षकांकडे जातो आणि काही महिन्यांनी विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागातून पत्र येते. परीक्षकाने लिहिलेले असते : ‘तिसरे प्रकरण एका नियतकालिकात आधीच प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. त्या निबंधाला चार लेखक असून उमेदवाराचे नाव दुसरे आहे. या प्रकरणातील काम नेमके कोणाचे, याचा खुलासा व्हावा.’ पत्र हाती पडताच विद्यार्थी गडबडतो. ‘पण तो निबंध माझाच आहे,’ हे त्याचे पहिले वाक्य असते. परीक्षकाची शंका मात्र या एका वाक्याने फिटत नाही. ती कशाने फिटते, उत्तरात काय असावे आणि काय नसावे?

प्रकरण आणि निबंध सारखे होतातच का?

त्याचे मूळ नियमांतच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016च्या नियमांनुसार प्रबंध सादर करण्याआधी संदर्भित नियतकालिकात किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे बंधनकारक होते. 2022च्या नियमांनी ही अट काढली. तरी अनेक विभागांत अजूनही निबंधाशिवाय प्रबंध पुढे सरकत नाही आणि नोकरीच्या मुलाखतीत निबंध मोजले जातातच. त्यामुळे विज्ञान शाखांत आधी निबंध लिहायचा आणि मग तोच फुलवून प्रकरण करायचे, हा सरळ रस्ता झाला आहे. त्यात गैर काही नाही. स्वतःचे प्रसिद्ध झालेले काम प्रबंधात घेता येते. जगभर घेतले जाते. अट एवढीच, की ते घेतले आहे हे वाचणाऱ्याला पहिल्याच पानावर कळले पाहिजे.

ही अट आयोगाने 20 एप्रिल 2020च्या सूचनेत स्पष्ट केली. स्वतःचेच आधी प्रसिद्ध झालेले लेखन योग्य उल्लेख न करता पुन्हा वापरणे आणि त्याचा नवे म्हणून शैक्षणिक लाभ घेणे अमान्य आहे, असे ती सूचना सांगते. आपल्याच मजकुराचे शब्द बदलून, उल्लेख न करता तो पुन्हा मांडणे हेही त्यात येते. शेवटचा मुद्दा विद्यार्थ्यांनी नीट वाचावा. साम्याची टक्केवारी खाली आणण्यासाठी स्वतःच्या निबंधातील वाक्ये उलटसुलट करण्याचा उद्योग सर्रास चालतो. त्याने आकडा कमी होतो, दोष जात नाही. उलट लपवण्याचा हेतू दिसतो.

परीक्षक नेमके काय विचारतो आहे?

एका पत्रात तीन वेगळे प्रश्न असतात. पहिला मजकुराचा : किती शब्द जुळतात? दुसरा कबुलीचा : हे आधी छापले आहे, असे प्रबंधात कुठे सांगितले आहे का? तिसरा कर्तृत्वाचा : चार जणांच्या कामातले उमेदवाराचे कोणते? बहुतेक खुलासे पहिल्याच प्रश्नाचे उत्तर देऊन थांबतात. सोबत ड्रिलबिट किंवा टर्निटिनचा अहवाल जोडला जातो आणि ‘साम्य मर्यादेत आहे’ असे लिहिले जाते. परीक्षकाला मात्र तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हवे असते, आणि ते कोणत्याही सॉफ्टवेअरकडे नसते. दोन मजकूर जुळतात एवढेच सॉफ्टवेअर सांगते. ते लिहिले कोणी, हे त्याला ठाऊक नसते.

एक कल्पित पण नेहमी दिसणारे उदाहरण घेऊ. खानदेशातील विहिरींच्या पाण्यातील नायट्रेटवर पर्यावरणशास्त्राचा प्रबंध आहे. साठ विहिरी, पावसाळ्याआधी आणि नंतर असे वर्षातून दोनदा नमुने, दोन वर्षे. एकूण 240 नमुने. पहिल्या वर्षाच्या 120 नमुन्यांवर निबंध छापून आला. त्यावर पहिले नाव मार्गदर्शकांचे, दुसरे विद्यार्थिनीचे, तिसरे नकाशे करणाऱ्या सहकाऱ्याचे आणि चौथे संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांचे. तिसरे प्रकरण याच निबंधावर उभे आहे, त्यात दुसऱ्या वर्षाची भर आहे.

संपूर्ण प्रबंध 42 हजार शब्दांचा, तिसरे प्रकरण सात हजारांचे. त्यातले पाच हजार शब्द निबंधाशी जुळतात. म्हणजे प्रकरणापुरते पाहिले तर साम्य 71 टक्के आणि संपूर्ण प्रबंधात पाहिले तर याच पाच हजार शब्दांचे सुमारे 12 टक्के. बाकी किरकोळ साम्य सहा टक्के धरले तर अहवालावर 18 हा आकडा येतो. विद्यार्थिनी 18 पाहते, परीक्षक प्रकरण वाचून 71 पाहतो. दोघेही बरोबर असतात आणि म्हणूनच दोघे एकमेकांशी बोलत नाहीत.

18 टक्क्यांचा अर्थ काय?

आयोगाच्या 2018च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहाच्या वर 40 पर्यंत पहिला स्तर : ठरवून दिलेल्या, पण सहा महिन्यांहून अधिक नसलेल्या मुदतीत सुधारित प्रबंध द्यायचा. 40च्या वर 60 पर्यंत एक वर्ष सुधारित प्रबंध देण्यास बंदी. 60च्या वर नोंदणीच रद्द. परीक्षकाच्या निष्कर्षावरून संस्था स्वतः कारवाई सुरू करू शकते, हेही त्याच नियमांत आहे. प्रकरण आधी विभागीय समितीकडे आणि तिथून संस्थेच्या समितीकडे जाते. परीक्षकाचे पत्र म्हणजे केवळ शेरा नव्हे, ते यासाठी.

मोजणीतून काही गोष्टी वगळता येतात. योग्य श्रेयासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश, प्रमाण सूत्रे आणि चिन्हे, शिवाय सलग 14 शब्दांपर्यंतचे सामान्य किंवा योगायोगाचे साम्य. उमेदवाराचा स्वतःचा प्रसिद्ध निबंध या यादीत वेगळा नोंदलेला नाही. अनेक विद्यापीठे मार्गदर्शकांच्या प्रमाणपत्रावर तो वगळू देतात, पण ते त्या-त्या विद्यापीठाच्या नियमावर अवलंबून. म्हणून ग्रंथालयाकडून दोन अहवाल घ्यावेत : एक निबंध धरून, एक तो वगळून. आपल्या उदाहरणात ते 18 आणि सहा टक्के येतील. दोन्ही जोडावेत. फक्त सहाचा अहवाल जोडला आणि परीक्षकाने निबंध स्वतः शोधून काढला, तर उरलेल्या खुलाशावरचा विश्वासही जातो.

काम कोणाचे, हे कसे दाखवायचे?

आधी निबंध पुन्हा उघडावा आणि त्याच्या शेवटी छापलेले लेखकांच्या योगदानाचे निवेदन वाचावे. आज बरीच नियतकालिके असे निवेदन मागतात. कल्पना, नमुने व चाचण्या, विश्लेषण, पहिला मसुदा, दुरुस्ती अशा 14 भूमिकांची एक प्रमाण यादी त्यासाठी वापरात आहे. हे निवेदन छापील असते, परीक्षकाने ते वाचलेले असू शकते आणि खुलासा त्याच्याशी विसंगत असून चालत नाही. ‘पहिला मसुदा : मार्गदर्शक’ असे तिथे छापले असेल आणि खुलाशात ‘संपूर्ण लेखन माझे’ असेल, तर दोन्हींपैकी एक खोटे ठरते. निवेदनच चुकीचे असेल, तर सर्व सहलेखकांच्या संमतीने नियतकालिकाकडे दुरुस्ती मागावी लागते. ते महिनोन्‌महिने चालते, पण तसा अर्ज केल्याची प्रत खुलाशाला जोडता येते.

लेखकांच्या क्रमावरून मात्र फारसे सिद्ध होत नाही, हे परीक्षकालाही माहीत असते. गणितात नावे बहुधा वर्णानुक्रमे असतात. जीवशास्त्रात प्रयोगशाळेचे प्रमुख शेवटी येतात. आपल्याकडे मार्गदर्शक पहिले, हा शिरस्ता कित्येक विभागांत आहे आणि तो कोणी ठरवला हे कोणी विचारत नाही. ‘क्रम विभागाच्या पद्धतीनुसार आहे’ एवढेच वाक्य म्हणूनच पुरत नाही.

पुरते ते भाग पाडून केलेले टिपण. आपल्या उदाहरणात ते असे होईल. साठ विहिरींची निवड : विद्यार्थिनीने यादी केली, मार्गदर्शकांनी मान्य केली. नमुने गोळा करणे आणि नायट्रेटच्या चाचण्या : विद्यार्थिनी, प्रयोगवहीत तारखांसह नोंद. विहिरींचे नायट्रेट पातळीनुसार गट पाडण्याचे विश्लेषण : चौथ्या लेखकांनी केले, विद्यार्थिनीने दुसऱ्या वर्षाच्या आकड्यांवर ते स्वतः पुन्हा चालवले. नकाशा (आकृती 3.4) : तिसऱ्या लेखकाचा. पद्धती आणि निष्कर्ष या भागांचा पहिला मसुदा : विद्यार्थिनी. प्रस्तावना आणि चर्चेतील शेवटचे दोन परिच्छेद : मार्गदर्शक.

शेवटच्या ओळीशी येऊन लेखणी अडते. कारण परीक्षकाची शंका इथे खरी ठरते. पद्धती आणि निष्कर्षांचे लेखन विद्यार्थिनीचे आहे, ते उल्लेखासह प्रबंधात राहू शकते. प्रस्तावना मात्र मार्गदर्शकांची आहे आणि ती तिच्या नावावर प्रबंधात गेली आहे. निबंधावर तिचेही नाव आहे म्हणून ते वाक्य तिचे होत नाही. सहलेखक असणे म्हणजे निबंधाची जबाबदारी वाटून घेणे. त्यातील प्रत्येक शब्द आपण लिहिल्याचा तो दाखला नव्हे. प्रबंधासोबतच्या हमीपत्रात मात्र हे लेखन आपण तयार केले आहे, असे विद्यार्थ्याने लिहून दिलेले असते. म्हणून हे परिच्छेद अवतरण म्हणून द्यावेत किंवा काढून तिने स्वतः नव्याने लिहावेत. खुलाशात हे आपणहून सांगितले, की उरलेल्या दाव्यांना वजन येते.

कोणता पुरावा टिकतो?

संगणकातील फाइलची तारीख सगळे आधी दाखवतात आणि तो सर्वांत कच्चा पुरावा आहे. फाइल कॉपी केली, नव्या नावाने जतन केली किंवा संगणक बदलला, की तारखा बदलतात. त्याहून भक्कम म्हणजे जे दुसऱ्याच्या ताब्यात आहे ते. मार्गदर्शकांना मसुदा जोडून पाठवलेला ईमेल, ऑनलाइन दस्तऐवजाचा बदलांचा इतिहास, नियतकालिकाकडून आलेली पोच, समीक्षकांच्या शेऱ्यांना दिलेली उत्तरे.

पण विद्यार्थी जो पुरावा हमखास विसरतात तो विद्यापीठाच्याच कपाटात असतो. प्रत्येक संशोधकाला ठरावीक काळाने संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते : 2016च्या नियमांत सहा महिन्यांनी, 2022च्या नियमांत प्रत्येक सत्रात. त्या अहवालांवर तारीख असते, समितीच्या सह्या असतात आणि ते निबंधाच्या आधीचे असतात. ‘आतापर्यंत 34 विहिरींचे नमुने तपासले’ असे एखाद्या जुन्या अहवालात लिहिलेले सापडले, तर त्याने जे सिद्ध होते ते दहा ईमेलनी होत नाही. विभागाकडून त्याच्या साक्षांकित प्रती मागून घ्याव्यात.

सहलेखकांची पत्रेही लागतात, पण ती कशी असावीत याबाबत गल्लत होते. ‘सदर काम पूर्णतः उमेदवाराचे आहे’ असे तिन्ही सहलेखकांचे एकाच मजकुराचे पत्र आले, की परीक्षक सावध होतो. सगळे काम एकटीचे, तर बाकी तिघांची नावे निबंधावर कशाला? पत्रात प्रत्येकाने आपण काय केले ते लिहावे. नकाशा करणाऱ्याने ‘आकृती 3.4चा नकाशा मी तयार केला, आकडे उमेदवाराने दिले’ असे दोन ओळींत लिहिले तरी पुरे. शिवाय याच निबंधाचा हाच भाग दुसऱ्या कोणाच्या प्रबंधात वापरलेला नाही, हे मार्गदर्शकांनी लिहून द्यावे. एकाच प्रयोगशाळेतील दोन प्रबंधांत एकच प्रकरण सापडण्याचा धोका मोठ्या गटांत खराच असतो, आणि प्रबंध ‘शोधगंगे’वर सर्वांसाठी खुले होत असल्याने तो उघडकीस यायला वेळ लागत नाही.

खुलासा कसा लिहावा?

तो परीक्षकाला परस्पर पाठवू नये. मौखिक परीक्षेआधी परीक्षकाचे नाव बहुधा गोपनीय असते, आणि ओळख लागली तरी थेट फोन वा ईमेल करणे म्हणजे नवी शंका ओढवून घेणे. मार्गदर्शकांमार्फत पीएच.डी. विभागाकडे, हाच मार्ग. लिहायचे मात्र विद्यार्थ्याने स्वतः, मार्गदर्शकांच्या भाषेत नव्हे.

सुरुवात मान्य करण्याने व्हावी. ‘प्रकरण तीन हे आमच्या प्रसिद्ध निबंधावर आधारित आहे, हे परीक्षकांचे निरीक्षण बरोबर आहे. प्रबंधात याचा उल्लेख प्रकरणाच्या सुरुवातीला करायला हवा होता; तो फक्त प्रकाशनांच्या यादीत होता.’ असे लिहिले, की पुढच्या वादाला जागाच राहत नाही. त्यानंतर भाग पाडून केलेले टिपण, प्रत्येक दाव्यासमोर पुराव्याचा क्रमांक. मग नवे काय, ते आकड्यांत : निबंधात 120 नमुने, प्रकरणात 240, दोन्ही वर्षांची तुलना निबंधात नव्हती, पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातील मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, ती दोन्ही वर्षी ओलांडणाऱ्या विहिरींची यादी फक्त प्रबंधात आहे. शेवटी प्रबंधात कोणत्या पानावर कोणती दुरुस्ती केली, त्याची नोंद. दोन ते तीन पाने पुरतात. ‘अहोरात्र परिश्रम’ वगैरे शब्द गाळावेत. परिश्रमांवर कोणी शंका घेतलेली नाही.

प्रबंधातील मुख्य दुरुस्ती म्हणजे प्रकरणाच्या पहिल्या पानावरची टीप. निबंधाचा पूर्ण संदर्भ, सर्व लेखकांची नावे, प्रकरणाचे कोणते भाग त्यातून घेतले, उमेदवाराने काय केले आणि इतरांनी काय केले, हे तिथे चार-पाच वाक्यांत यावे. आकृती 3.4 खाली नकाशाकाराचे नाव यावे. निबंधातील ‘आम्ही’ तसाच राहिला असेल तर जिथे काम एकटीचे आहे तिथे ‘मी’ किंवा कर्मणी रचना करावी. राहून गेलेला ‘आम्ही’ बघूनच कित्येक परीक्षक निबंध शोधायला बसतात.

प्रकाशकाच्या परवानगीचा मुद्दा वेगळा ठेवावा. एल्सेव्हिअर आणि स्प्रिंगर नेचरसारखे मोठे प्रकाशक लेखकाला स्वतःचा निबंध प्रबंधात वापरू देतात, पूर्ण संदर्भ देण्याच्या अटीवर. पण परवानगी हा स्वामित्व हक्काचा प्रश्न आहे, कर्तृत्वाचा नव्हे. ‘प्रकाशकाची परवानगी आहे’ हे ‘काम कोणाचे’ याचे उत्तर होत नाही.

मौखिक परीक्षेत काय विचारले जाते?

कागद समाधानकारक असले तरी अनुभवी परीक्षक तिथे तपासतोच, आणि त्याचे प्रश्न निबंधात न छापलेल्या गोष्टींवर असतात. कोणत्या विहिरी वगळल्या आणि का? दोन वाचने जुळली नाहीत तेव्हा काय केले? समीक्षकाच्या कोणत्या शेऱ्यामुळे तक्ता बदलावा लागला? मूळ आकड्यांची फाइल उघडून एखादी ओळ समजावून सांगा. ज्याने काम केले त्याला फसलेले प्रयोग आठवतात. ज्याने केवळ लेख वाचला त्याला फक्त यशस्वी निकाल ठाऊक असतात. गटपाडणीचे विश्लेषण इतराने केले असेल, तर ती पद्धत का निवडली हे तरी उमेदवाराला सांगता आले पाहिजे. ‘ते सरांनी केले’ एवढेच उत्तर असेल, तर तो भाग प्रबंधाच्या निष्कर्षांतून काढून पूर्वपीठिकेत, दुसऱ्याचे काम म्हणून टाकणे अधिक सुरक्षित.

उलटे घडले असेल तर?

कधी कधी निबंध आधी छापलेला असतो, मजकूर विद्यार्थ्याचा असतो आणि निबंधावर त्याचे नावच नसते. आकडे आणि मसुदा त्याच्याकडून घेऊन इतरांनी छापलेला असतो. तेव्हा प्रबंध चोरीचा दिसतो आणि चोरी झालेली असते विद्यार्थ्याची. इथे मार्गदर्शकांमार्फत खुलासा पाठवणे शक्य नसेल, कारण ते स्वतःच पक्षकार असतील. अशा वेळी विद्यार्थ्याने विभागीय समितीकडे पुराव्यासह लेखी तक्रार करावी आणि तिची पोच पीएच.डी. विभागाला द्यावी. मात्र नियमांनुसार या समितीचे अध्यक्ष विभागप्रमुखच असतात. मार्गदर्शक आणि विभागप्रमुख एकच व्यक्ती असतील, तर तक्रारीची प्रत थेट कुलगुरूंच्या कार्यालयाकडे देऊन त्यांनी या सुनावणीतून बाजूला राहावे अशी लेखी मागणी करावी. सल्लागार समितीपुढचे जुने अहवाल, नोंदणीवेळचा आराखडा आणि तारखांची प्रयोगवही यांवरच हे प्रकरण उभे राहते किंवा पडते. विभागीय समितीला शिफारस करायला 45 दिवसांची मुदत आहे, आणि तितकीच पुढे संस्थेच्या समितीला. तोवर मौखिक परीक्षा पुढे ढकलावी, असे विद्यार्थ्याने त्याच अर्जात लिहून द्यावे.